बाभळीतला तपकिरी वटवट्या: बूटेड, साइक्स की ब्लाइथ्स रीड?

प्रश्न: नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सासवडजवळच्या माळावर हा वटवट्या मिळाला. चार फोटो टाकलेत, मूळ फाइलपण दिल्यात. एका ग्रुपवर बूटेड वॉर्बलर सांगितलं, दुसऱ्यावर साइक्स, आणि एक सर म्हणाले डोळे झाकून ब्लाइथ्स रीड. पुस्तकातली तिन्ही चित्रं मला सारखीच दिसतात. फोटोवरून नक्की ओळखायचं कसं?

उत्तर:

मूळ फाइल दिल्यात हे फार बरं केलंत, कारण मी पक्ष्याकडे बघायच्या आधी फोटोची वेळ बघतो. पहिले तीन फोटो ७:४१ ते ७:४३ मधले आहेत आणि चौथा ८:०६ चा. पहिल्या तिन्हींत मागे बाभळीचे पांढरे काटे दिसतात. चौथ्यात रुंद, खरखरीत पानं आहेत, ती घाणेरीची. म्हणजे मध्ये तेवीस मिनिटं गेली आणि झुडूप बदललं. पक्षी तोच होता हे तुम्ही गृहीत धरलंत, फोटो तसं काही सांगत नाहीत. माझ्या मते हे दोन वेगळे पक्षी आहेत, दोन वेगळ्या जातींचे, आणि तुम्हाला तीन उत्तरं मिळाली त्यातला निम्मा घोळ इथेच आहे. कुणी तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून बोललं असेल, कुणी चौथ्यावर.

ही चूक आपण सगळेच करतो. झुडपात एक पक्षी शिरतो, पलीकडून एक बाहेर पडतो, आणि आपण त्याला ‘तोच’ म्हणून मोकळे होतो. थंडीत एकेका माळावर हे तपकिरी वटवटे पाच-सहा तरी असतात. म्हणून वॉर्बलरचे फोटो बघताना पहिला प्रश्न ‘कुठली जात’ हा नसतो. ‘हे सगळे फोटो एकाच पक्ष्याचे कशावरून’ हा असतो. मध्ये नजर तुटली असेल तर प्रत्येक फोटो वेगळा पक्षी समजून तपासायचा आणि उत्तरं जुळली तरच एकत्र आणायची.

आता जागा आणि ऋतू. या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत, पण त्या नेमकं काय सांगतात ते समजून घ्या. हे तिन्ही पक्षी आपल्याकडे पाहुणे. मध्य आशिया, कझाकस्तान, रशिया अशा भागांत वीण करतात आणि साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात महाराष्ट्रात यायला लागतात. एप्रिलपर्यंत राहतात, ब्लाइथ्स कधीकधी मेच्या सुरुवातीलाही दिसतो. तेव्हा हाच फोटो जूनअखेरचा किंवा जुलैचा असता तर मी या तिघांचा विचारच केला नसता. पावसाळ्यात माळावर दिसणारा बारीक तपकिरी पक्षी म्हणजे बहुतेक वेळा आपला रहिवासी प्रिनिया, त्याची लांब, टोकाकडे पायरीपायरीने निमुळती होत जाणारी शेपटी बघितली की विषय संपतो. नोव्हेंबरात मात्र तिघंही हजर असतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नात ऋतू फक्त यादी छोटी करतो, निवाडा देत नाही.

जागेचंही तसंच. सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणातल्या बागांत, घाटातल्या गच्च झाडीत दिसलेला असा पक्षी बहुतेक वेळा ब्लाइथ्स रीड निघतो. नावात ‘रीड’ आहे म्हणून लोक त्याला पाणकणसात शोधतात, पण थंडीत त्याला पाण्याचं काही पडलेलं नसतं. आंबा, घाणेरी, करवंदाची जाळी, सोसायटीची मेंदीची कुंपणं, कुठेही असतो. घाट उतरून पूर्वेकडे, पर्जन्यछायेच्या माळावर आलात की बूटेड आणि साइक्स सुरू होतात. बाभूळ, हिवर, बोर, मधेमधे कुसळीचं गवत, ही त्यांची जागा. त्यातही बूटेड खालच्या झुडपांत आणि गवतात जास्त, अधूनमधून जमिनीवर उतरणारा, आणि साइक्स बाभळीच्या फांद्यांत जास्त रमणारा. पण हा कल आहे, नियम नाही. सासवडच्या माळावर बाभळीत ब्लाइथ्स रीड मी कितीतरी वेळा पाहिलाय, त्यामुळे निव्वळ ‘बाभूळ आहे म्हणजे साइक्स’ असं म्हणता येत नाही. पाण्याकाठच्या दाट गवतात किंवा भाताच्या खाचरात असता तर यादीत पॅडीफिल्ड वॉर्बलरही घ्यावा लागला असता. तुमच्या माळावर जवळपास पाणी नाही, म्हणून तो सध्या बाजूला ठेवू.

मग उरतं अंगावरचं. इथे बहुतेक जण सगळ्यात आधी रंगाकडे जातात आणि तिथेच फसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं: बूटेड चहासारखा उबदार तपकिरी, साइक्स जास्त राखट, वाळूच्या रंगाचा, ब्लाइथ्स हिरवट झाक असलेला तपकिरी. हे खोटं नाही, पण फोटोत रंग पक्ष्याचा असतो त्याहून जास्त उजेडाचा असतो. माझीच गोष्ट सांगतो. सुप्याच्या बाजूला एका हिवराच्या झुडपात एक पक्षी सकाळी सव्वासात ते आठ असा पाऊण तास माझ्यासमोर होता, एकदाही नजरेआड गेला नाही. पहिल्या फोटोंत तो पिवळसर, चहाच्या रंगाचा. शेवटच्या फोटोंत ऊन वर आलेलं, पक्षी फांद्यांच्या सावलीत, आणि रंग चक्क राखट. मी घाईघाईत पहिला फोटो बूटेड म्हणून टाकून दिला. नंतर सगळे फोटो ओळीने बघितले तेव्हा चोच स्पष्ट दिसली आणि साइक्स लिहून दुरुस्ती टाकावी लागली. फोटो दोन लोकांना वाटून दिले असते तर त्यांनी प्रामाणिकपणे दोन जाती सांगितल्या असत्या.

तुमचे पहिले तीन फोटो पावणेआठच्या आसपासचे, सूर्य उगवून तासभर झालेला, उजेड पिवळा. त्यात कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर. यावर एक सोपा उपाय बाभळीनेच दिलाय: तिचे काटे. सुकलेला बाभळीचा काटा जवळजवळ पांढरा असतो. फोटोत उन्हातला एखादा काटा शोधा, तो पिवळा दिसत असेल तर पक्षीही तेवढाच पिवळा झालेला आहे. रॉ फाइल असेल तर त्या काट्यावर व्हाइट बॅलन्स लावून बघा. तुमच्या पहिल्या फोटोवर मी ते करून पाहिलं: पक्ष्याची पाठ उबदार तपकिरीवरून फिकट, राखट तपकिरीवर आली. हा साइक्सच्या बाजूचा पुरावा मी म्हणणार नाही, पण बूटेडच्या बाजूचा पुरावा मात्र त्यामुळे गळून पडला.

रंग सोडला तर फोटोत टिकणाऱ्या गोष्टी म्हणजे आकार आणि प्रमाण. त्यात मी आधी मागून सुरुवात करतो, शेपटीपासून. तोंडाकडे सगळे बघतात, शेपटीकडे कुणी बघत नाही, आणि ब्लाइथ्स एकीकडे व बूटेड-साइक्स दुसरीकडे, ही मोठी विभागणी शेपटीच करून देते. शेपटीच्या मुळाशी खालून जी पिसं झाकण घातल्यासारखी असतात ती ब्लाइथ्समध्ये लांब असतात, शेपटीच्या बऱ्याच भागावर पसरलेली. त्यामुळे पक्ष्याचा मागचा भाग भरीव दिसतो. बूटेड आणि साइक्समध्ये ती आखूड असतात, म्हणून शेपटी मोकळी, लांब आणि बारीक वाटते. दुसरं, ब्लाइथ्सच्या शेपटीचं टोक गोलसर असतं, बाजूची पिसं मधल्यांपेक्षा आखूड. बूटेड-साइक्सचं टोक जवळपास सरळ कापलेलं, आणि कडेच्या पिसांची किनार पांढुरकी. ही किनार शेपटी मिटलेली असताना वरून दिसतच नाही. ती खालून किंवा शेपटी पसरल्यावर दिसते, म्हणून फोटोत दिसली नाही तर ‘नाही’ असं लिहायचं नाही, ‘दिसत नाही’ एवढंच म्हणायचं.

तुमचा दुसरा फोटो, जो तुम्ही ‘फक्त पोट दिसतंय, वाया गेला’ म्हणून शेवटी टाकलाय, तो मला सगळ्यात उपयोगी पडला. त्यात पक्षी खालून आहे. शेपटीखालची पिसं आखूड, शेपटीचं टोक सरळ, आणि डाव्या बाजूच्या सगळ्यात बाहेरच्या पिसाला पांढरी कड. हा ब्लाइथ्स नाही. चौथ्या फोटोत उलट: घाणेरीत डोकं खाली, पाठीला कमान, शेपटीखालची पिसं शेपटीच्या अर्ध्याच्याही पुढे गेलेली, टोक गोल, आणि कपाळ सपाट होत थेट लांब चोचीत मिसळलेलं. वाकलेल्या केळ्यासारखी ही अंगाची ठेवण ब्लाइथ्सची खास. तिथे ‘डोळे झाकून’ म्हणणारे सर बरोबर होते, फक्त एका फोटोपुरते.

आता पहिले तीन, म्हणजे बूटेड की साइक्स. इथे खरं कठीण काम सुरू होतं, आणि ते का कठीण आहे तेही सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत हे दोन पक्षी एकच जात मानले जात होते. जुन्या पुस्तकांत फक्त बूटेड असतो आणि त्याच्या पोटात साइक्सही आलेला असतो. त्यामुळे तुमच्या भागातल्या जुन्या यादीत ‘बूटेड’ लिहिलेलं सापडलं तर त्यावरून इथे साइक्स नव्हता असं काही ठरत नाही. गंमत म्हणजे यातला साइक्स पक्का आपला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई इलाख्याच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली छापली, त्यात या पक्ष्याला त्याने ‘रामा’ हे नाव दिलं. त्याच यादीतल्या चंडोलाच्या एका जातीला ‘देवा’. शास्त्रीय नावांत आजही ती दोन्ही तशीच आहेत. म्हणजे जगाला या पक्ष्याची पहिली ओळख दख्खनमधूनच झाली, आणि आपण त्याला अजून बूटेड समजून सोडून देतो. (बूटेडच्या नावातला बूट मात्र पायात शोधू नका. मराठीत काही जण पायमोज वटवट्या म्हणतात, पण फोटोत मोजा दिसण्याची आशा ठेवू नका.)

या दोघांत मी दोन गोष्टींवर भर देतो: चोच आणि भुवई. चोचीचं आधी. बूटेडची चोच आखूड आणि बारीक, त्यामुळे डोकं गोल, जवळजवळ पर्णवटवट्यासारखं, लहान बाळाच्या चेहऱ्याचं वाटतं. साइक्सची चोच लांब, मुळाशी रुंद, आणि कपाळ जास्त उतरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालच्या चोचीचा रंग. बूटेडच्या खालच्या चोचीला टोकाकडे गडद डाग असतो. साइक्सची खालची चोच टोकापर्यंत फिकट राहते किंवा टोकाशी अगदी पुसटसा डाग असतो. हे बघताना दोन सापळे आहेत. एक, वरच्या चोचीची सावली खालच्या चोचीच्या टोकावर पडते आणि डाग असल्याचा भास होतो. डाग असेल तर त्याला खालच्या बाजूनेही कड असते, सावली फक्त वरच्या बाजूने येते. दोन, मान जराशी जरी आपल्याकडे किंवा पलीकडे वळलेली असेल तर चोच आखूड दिसते. फोटोत पलीकडच्या डोळ्याची भुवई दिसत असेल, किंवा कपाळावर दोन्ही बाजू एकदम दिसत असतील, तर तो फोटो चोचीची लांबी ठरवायला घेऊच नका. तुमचा तिसरा फोटो नेमका असा आहे. मान वळलेली, थोडा हललेला, चोच इवलीशी, डोकं गोल. मला वाटतं बूटेड म्हणणाऱ्यांनी हाच फोटो धरला.

भुवई म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ. तिन्ही पक्ष्यांना ती असते, प्रश्न ती कुठे संपते हा आहे. ब्लाइथ्समध्ये ती चोचीपासून डोळ्यापर्यंत ठळक, डोळ्याच्या अलीकडे थोडी फुगलेली, आणि डोळ्याच्या मागे जवळपास नाहीशी. साइक्समध्येही ती डोळ्याच्या मागे लवकर विरते. बूटेडमध्ये ती डोळ्याच्या मागे बऱ्यापैकी पुढे जाते, आणि तिच्या वरच्या बाजूला डोक्यावर एक पुसट गडद रेघ असते, त्यामुळे भुवई उठून दिसते. त्या वरच्या गडद रेघेला मी लांबीपेक्षा जास्त महत्त्व देतो, कारण भुवईची लांबी उजेडाने बदलते. कॅमेऱ्याने फोटो तयार करतानाच जास्त धार दिली असेल तर डोळ्याच्या मागे फिकट किनार उगवते आणि भुवई लांबते. उलट फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवला की या बारीक रेघा आधी पुसल्या जातात. ग्रुपवर ओळख विचारायची असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवत जा.

तुमच्या पहिल्या फोटोत पक्षी अगदी बाजूने आहे, पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून चोच आणि भुवई दोन्ही वाचता येतात. चोच बारीक पण लांबट आहे. खालची चोच मुळापासून पुढे फिकट गुलाबी-पिवळसर, टोकाशी किंचित काळसर छटा, पण ती वरूनच आलेली आहे, खालची कड स्वच्छ. भुवई डोळ्याच्या मागे डोळ्याच्या रुंदीएवढीही जात नाही, आणि तिच्यावर गडद रेघ मला दिसत नाही. तिन्ही गोष्टी साइक्सकडे जातात.

आणखी एक खूण लोक हमखास सांगतात, ती मी इथे मुद्दाम वापरत नाहीये. पंख मिटल्यावर पाठीजवळ सगळ्यात वर जी तीन पिसं दिसतात, ज्यांना टर्शिअल म्हणतात, ती बूटेडमध्ये मध्ये गडद आणि कडेला फिकट असतात, साइक्समध्ये साधी, एकरंगी. खूण चांगली आहे, पण पिसं ताजी असतील तरच. हे पक्षी उन्हाळ्यात वीण करून हजारो किलोमीटर उडून येतात आणि मोठ्या पक्ष्यांची पिसं बदलण्याचं काम मुख्यतः इकडे आल्यावर होतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरातही, पिसांच्या कडा झिजून गेलेल्या असतात आणि बूटेडसुद्धा साधा, सपाट दिसतो. तुमच्या पहिल्या फोटोत टर्शिअल साधीच आहेत, पण झूम केलं तर टोकं विसकटलेली, दोऱ्या सुटलेल्या कापडासारखी दिसतात. ती झिजलेली आहेत. तिथे गडद-फिकट काही होतं की नव्हतं हे आता कळायला मार्ग नाही. हाच पक्षी फेब्रुवारीत, नवी पिसं आल्यावर भेटला असता तर या खुणेला मी बरंच वजन दिलं असतं.

थोडक्यात माझा हिशेब असा. चौथा फोटो ब्लाइथ्स रीड, यात मला शंका नाही. पहिले तीन एकाच पक्ष्याचे आहेत असं मानायला हरकत नाही, कारण दोन मिनिटांतले आहेत आणि फांदीही तीच दिसते. तो ब्लाइथ्स नाही हे शेपटीवरून पक्कं. बूटेड-साइक्समध्ये मी साइक्सकडे झुकतो, पण हा झुकाव एका फोटोतल्या चोचीवर आणि भुवईवर उभा आहे. कुणी पैज लावायला सांगितली तर लावीन, पण फार मोठी नाही. ईबर्डवर यादी भरताना तुम्हाला `Booted/Sykes's Warbler` असा जोडपर्याय मिळेल. तो घेतला तर नोंद खोटी होत नाही आणि वायाही जात नाही. टिपणात ‘बहुधा साइक्स’ आणि त्याची कारणं लिहा, फोटो जोडा. मी स्वतः काही वर्षं अशा नोंदी तपासण्याचं काम केलंय. ‘नक्की साइक्स’ असं ठासून लिहिलेल्या पण फोटो नसलेल्या नोंदीपेक्षा कारणांसकट केलेली जोडनोंद नंतर कितीतरी उपयोगी पडते. आणि चौथ्या फोटोसाठी वेगळी ओळ भरा, दोन्ही एका पक्ष्यात घालू नका.

फोटोच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ए. ओ. ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच, यांनी १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात ब्लाइथ्ससारखाच पण मोठ्या चोचीचा एक पक्षी मिळवला. त्यानंतर असा पक्षी कुणाला सापडलाच नाही, आणि ही खरंच वेगळी जात आहे का यावर बराच काळ वाद होता. २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्ष्यांना कडी घालताना एक जिवंत पक्षी जाळ्यात आला आणि डीएनएवरून तो तोच ठरला. मग संग्रहालयांतले खण उघडले गेले, तर तिथे ब्लाइथ्स रीड अशी चिठ्ठी लावलेल्या कातड्यांमध्ये या लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरचे नमुने निघाले. हातात पक्षी, शेजारी मोजपट्टी, आणि तरी शतकाहून जास्त काळ चुकीची चिठ्ठी. म्हणून बाभळीआडून काढलेल्या फोटोवर मी सत्तर टक्क्यांवर थांबलो तर नाराज होऊ नका.

उरलेले तीस टक्के कमी करायचे असतील तर पक्षी अजून तिथे असण्याची बरीच शक्यता आहे. थंडीत हे पक्षी बऱ्याचदा एकाच तुकड्यात आठवडे काढतात. त्याच बाभळीजवळ सकाळी लवकर जा, पण यावेळी कॅमेऱ्याबरोबर मोबाइलचा रेकॉर्डरही चालू ठेवा. ब्लाइथ्सची हाक जाड, ठसठशीत ‘चक्’, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखी, आणि तो ती सारखी देत राहतो. बूटेड-साइक्सची त्यामानाने कोरडी आणि हलकी. या दोघांना निव्वळ हाकेवरून वेगळं करायला मी धजत नाही, पण निदान बाभळीतला कुठला आणि घाणेरीतला कुठला हे तुम्हाला बघायच्या आधीच कळेल.

फोटो काढताना चेहऱ्याच्या मागे धावू नका. एक फोटो अगदी बाजूने, मान सरळ असताना, आणि एक खालून शेपटीचा, एवढं मिळालं की पुरे. पक्षी उडताना शेपटी पसरतो तेव्हा बटण दाबून ठेवा, त्यात एखाद्या फोटोत बाहेरचं पीस सापडतं. पक्षी खाणं शोधताना शेपटी वर आणि बाजूला झटकतो का, फांद्यांतच राहतो की गवतात उतरतो, हे वहीत दोन ओळीत लिहा, फोटोत ते येत नाही. आणि खालची चोच स्वच्छ, उन्हाच्या बाजूने, टोकापर्यंत दिसेल असा एक फोटो मिळाला तर तो इथेच खाली टाका. मी बघतो.